पांढरं जाणं: पाळीच्या एका महिन्यात स्राव कसा बदलतो

काळ्या किंवा गडद निळ्या रंगाची चड्डी काही महिने वापरली की मधल्या भागात एक फिकट, तांबूस पट्टा दिसायला लागतो. कितीही घासलं तरी तो जात नाही. आपल्यालाच काही झालंय की काय, या शंकेनं कितीतरी मुली आणि बायका ते कपडे लपवून वाळत घालतात. खरं म्हणजे तो डाग नसतोच. तिथला कापडाचा रंग उडालेला असतो, कारण योनीतला स्राव आम्लधर्मी असतो आणि रोज थोडाथोडा लागत राहिला की तो रंग फिका करतो. हा पट्टा रोगाचा पुरावा नाही. योनी जशी असायला हवी तशी आंबट आहे, एवढंच त्यातून कळतं.

या आंबटपणापासूनच सुरुवात करू, कारण रंग, वास आणि प्रमाण यांच्याबद्दलचे बरेचसे प्रश्न तिथे सुटतात.

वयात आल्यावर बीजकोशातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार व्हायला लागतं. त्याच्यामुळे योनीचं आतलं अस्तर जाड होतं आणि त्याच्या पेशींमध्ये ग्लायकोजेन नावाची साखर साठते. या पेशी सतत झडत असतात. झडलेल्या पेशींमधली साखर लॅक्टोबॅसिलस नावाच्या जिवाणूंना मिळते आणि ते तिचं लॅक्टिक आम्ल बनवतात. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट ड्योडरलाइन यांनी 1892 मध्ये या जिवाणूंचं वर्णन केलं होतं. पाळी येत असलेल्या वयात निरोगी योनीचा सामू, म्हणजे पीएच, साधारण 3.8 ते 4.5 असतो. रक्ताचा सामू 7.4 च्या आसपास असतो. सामू जितका कमी तितकं आम्ल जास्त, आणि या आम्लात बाहेरून आलेले बरेच जंतू वाढू शकत नाहीत. सगळ्याच निरोगी बायकांच्या योनीत लॅक्टोबॅसिलस सारख्याच संख्येनं नसतात. काहींमध्ये ते मुळातच कमी असतात, सामू थोडा जास्त असतो आणि तरी काहीही त्रास नसतो.

एका स्रावात दोन झरे

चड्डीवर दिसणारा ओलावा आपण एकच पदार्थ समजतो. पण तो निदान दोन ठिकाणांहून आलेला असतो, आणि हे एकदा लक्षात आलं की महिन्याभरातला बदल समजायला सोपा जातो.

पहिला झरा योनीच्या भिंतीतून येतो. या भिंतीत ग्रंथी नसतात. तिच्यामागच्या बारीक रक्तवाहिन्यांतून पातळ द्रव पाझरतो आणि भिंतीतून आत येतो. त्यात झडलेल्या पेशी मिसळल्या की तो दुधट दिसतो. हा झरा महिनाभर कमीजास्त चालूच असतो.

दुसरा झरा गर्भाशयाच्या मुखातून येतो. योनीच्या वरच्या टोकाला गर्भाशयाचं अरुंद तोंड असतं आणि त्याच्या आत खाचाखाचा असतात. त्या खाचांमधल्या पेशी चिकट म्युकस बनवतात. नाकातल्या शेंबडाची आणि या म्युकसची जात एकच. पण हे म्युकस संप्रेरकांच्या तालावर बदलतं. इस्ट्रोजेन वाढलं की ते पातळ आणि भरपूर होतं, प्रोजेस्टेरॉन वाढलं की घट्ट आणि थोडं. महिन्यात आपल्याला जो फरक जाणवतो, तो बहुतेक सगळा या दुसऱ्या झऱ्याचा असतो.

दोन्ही मिळून दिवसाला साधारण 1 ते 4 मिलिलिटर स्राव होतो. छोटा चमचा 5 मिलिलिटरचा धरला, तर हे पाव चमच्यापासून चमच्याला थोडं कमी एवढं झालं. आकडा छोटा वाटतो, पण द्रव कापडावर पसरतो. अर्धा चमचा पाणी सुती कापडावर टाकून पाहा, ओला भाग केवढा दिसतो ते कळेल. म्हणून ‘चड्डी ओली होते’ एवढ्यावरून प्रमाण जास्त आहे असं ठरवता येत नाही. कुणाला रोज कापड बदलावंसं वाटतं, कुणाला कित्येक दिवस काहीच जाणवत नाही. दोन्ही नेहमीचंच आहे. तुलना करायचीच असेल तर मैत्रिणीशी किंवा बहिणीशी नको, स्वतःच्या मागच्या तीन-चार महिन्यांशी करावी.

तीस दिवसांचा एक महिना

समजा एका बाईला दर 30 दिवसांनी पाळी येते. तिला कोणताही संसर्ग नाही, ती गर्भनिरोधक गोळ्या घेत नाही, आणि एक महिना ती रोज रात्री दोन शब्दांत नोंद करते. रक्तस्राव सुरू झाला तो दिवस पहिला.

पहिल्या ते पाचव्या दिवसापर्यंत पाळी असते. दोन-तीन दिवस लाल रक्त, मग ते कमी होत जातं आणि पाचव्या दिवशी तपकिरी होतं. हा तपकिरी रंग पुष्कळांना घाबरवतो. रक्त हळूहळू बाहेर येतं तेव्हा वाटेत त्यातल्या लोहाचा हवेशी संयोग होतो आणि ते काळपटतं. कापलेल्या जखमेवरची खपली तांबूस-काळी का दिसते, त्याचंच हे कारण. काहींना पाळी संपल्यावर आणखी एखाद-दोन दिवस स्रावात तपकिरी छटा दिसते. ते आत राहिलेलं जुनं रक्त असतं.

सहाव्या ते नवव्या दिवसाची तिची नोंद आहे: ‘कोरडं’. या वेळी इस्ट्रोजेन अजून कमी असतं. गर्भाशयाच्या तोंडाशी घट्ट म्युकसचा बूच बसलेला असतो आणि खाली फारसं काही उतरत नाही. योनीच्या भिंतीचा झरा तेवढा चालू असतो. दिवसअखेर कापडावर थोडा पिवळसर, वाळलेला ओघळ दिसतो, एवढंच.

दहाव्या दिवसापासून बदल सुरू होतो. बीजकोशात एक बीजपुटिका, म्हणजे स्त्रीबीजाची बारीक पिशवी, मोठी होत असते आणि ती जास्त जास्त इस्ट्रोजेन सोडत असते. दहा, अकरा, बारा या दिवसांत स्राव पांढरा, किंचित चिकट, अंगाला लावायच्या मलमासारखा दिसतो. दोन बोटांत धरला तर लगेच तुटतो. ‘पांढरं जातंय’ म्हणून कुणी काळजीत पडतं ते बऱ्याचदा याच दिवसांत, कारण आधीच्या कोरड्या दिवसांनंतर हा फरक अचानक डोळ्यांत भरतो.

तेराव्या ते सोळाव्या दिवशी सगळ्यात मोठा बदल होतो. इस्ट्रोजेन आता शिखरावर असतं. गर्भाशयमुखातल्या म्युकसचं प्रमाण एरवीच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त होतं आणि त्यातलं पाणी साधारण 90 टक्क्यांवरून 98 टक्क्यांपर्यंत जातं. एरवी त्याच्या तंतूंची दाट जाळी असते, ती आता सैल होते. स्राव पारदर्शक, बुळबुळीत आणि अंड्यातल्या कच्च्या पांढऱ्या भागासारखा दिसतो. अंगठा आणि बोट यांत धरून ताणला तर 8 ते 10 सेंटिमीटर लांब तार निघते. लघवीला बसल्यावर एकदम काही घसरून आल्यासारखं वाटतं, पुसताना कागद सरकतो. आपली पाळीच आली की काय असं वाटून कितीतरी जणी बाथरूमकडे धावतात आणि तिथे रक्ताऐवजी ही पारदर्शक तार सापडते.

असं का होतं याचं उत्तर सरळ आहे. स्त्रीबीज बाहेर पडायची वेळ जवळ आलेली असते आणि शुक्राणूंना वर जायला वाट हवी असते. घट्ट म्युकसच्या जाळीत ते अडकतात, या पातळ म्युकसमधून पोहत जातात आणि त्यात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. हेच म्युकस काचेच्या पट्टीवर पसरून वाळवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर त्यातल्या क्षारांचे स्फटिक नेच्याच्या पानासारखी सुरेख नक्षी करतात. एरवीच्या दिवसांत अशी नक्षी दिसत नाही. मूल हवं असलेल्यांसाठी हे ओले दिवस महत्त्वाचे. मूल नको असेल, तर मात्र नुसत्या निरीक्षणावर भिस्त ठेवू नये. त्या पद्धतीचं रीतसर शिक्षण लागतं, आणि तरीही चुकायची शक्यता उरते.

सोळाव्या दिवशी आमच्या उदाहरणातल्या बाईला त्या पारदर्शक तारेत एक फिकट गुलाबी रेघ दिसली. स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या सुमाराला इस्ट्रोजेन थोडा वेळ खाली येतं, त्या वेळी काही थोड्या जणींना असा एक-दोन थेंबांचा डाग पडतो. एखाद-दुसरा दिवस, नावापुरता, दोन पाळ्यांच्या बरोबर मध्ये, असं असेल तर ते नेहमीतलंच. पुढच्या महिन्यांत कुठल्याही दिवशी डाग पडू लागले किंवा संबंधानंतर रक्त दिसलं, तर त्याला ‘मधलाच असेल’ म्हणून सोडून देऊ नये. ते तपासून घ्यावं.

सतराव्या दिवसापासून चित्र उलटतं. फुटलेल्या बीजपुटिकेच्या जागी पीतपिंड तयार होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन सोडतो. एक-दोन दिवसांतच म्युकस घट्ट होतं, तार निघणं थांबतं. अठराव्या ते अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत स्राव थोडा, दाटसर, पांढरा किंवा पिवळट, कधी पिठुळ गोळ्यांसारखा. तो पीठ भिजवल्यासारखा दिसला तरी खाज नसेल, आग होत नसेल, तर तो बुरशीचा संसर्ग नव्हे. प्रोजेस्टेरॉनच्या काळात झडलेल्या पेशी जास्त दिसतात आणि द्रव कमी असतो, म्हणून तो तसा दिसतो. शेवटच्या एक-दोन दिवसांत काहींना पुन्हा ओलसर वाटतं, काहींना पाळीच्या आदल्या दिवशी तपकिरी छटा दिसते. मग तिसावा दिवस संपून पाळी येते.

या नोंदीतले दिवस जसेच्या तसे स्वतःला लावू नका. स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेकींत 12 ते 14 दिवसांच्या आसपास असतो, फारसा हलत नाही. कमीजास्त होतो तो आधीचा काळ. म्हणून जिची पाळी 24 दिवसांनी येते, तिचे ओले दिवस पाळी संपता संपता, सातव्या-आठव्या दिवशीच सुरू होतात, आणि मधले कोरडे दिवस तिला मिळतच नाहीत. जिची पाळी 38 दिवसांनी येते, तिला कोरडे दिवस खूप मिळतात. पाळी अनियमित असेल तर शरीर कधीकधी तयारी करतं, ओलं होतं, पण बीज बाहेर पडत नाही, आणि काही दिवसांनी पुन्हा ओलं होतं. अशा वेळी पारदर्शक तार महिन्यात दोनदा-तीनदा दिसू शकते. त्यात स्रावाचा दोष नसतो. पाळी सतत लांबत असेल तर तिचं कारण मात्र शोधावं.

रंग पाहायचा तर ताजा

‘मला पिवळं जातं’ अशी तक्रार फार ऐकू येते. यात पहिला प्रश्न हा की पिवळं कुठे दिसलं? ताजा स्राव पारदर्शक ते दुधट असतो. तो कापडावर तासन्‌तास राहिला की त्यातलं पाणी उडतं, प्रथिनं आणि पेशी मागे राहून वाळतात, आणि रंग फिकट पिवळा किंवा मळकट दिसतो. म्हणजे संध्याकाळी चड्डीवर दिसलेला पिवळा रंग हा स्रावाचा खरा रंग नव्हे. खरा रंग पाहायचा असेल तर पांढऱ्या कागदानं पुसून लगेच, दिवसाच्या उजेडात पाहावा. तिथेही तो किंचित पिवळट वाटला आणि बाकी काही त्रास नसेल, तरी हरकत नाही.

ताजा स्रावच हिरवट, राखाडी किंवा पू असल्यासारखा गडद पिवळा दिसत असेल, तर ते महिन्याच्या कोणत्याही दिवसात बसत नाही. पाळीपासून दूर असताना पुन्हा पुन्हा तपकिरी दिसणंही बसत नाही. फेसाळ स्रावही तपासण्याजोगाच.

वासाबद्दल

वासाबद्दल लोक सगळ्यात कमी बोलतात आणि सगळ्यात जास्त घाबरतात. लॅक्टिक आम्लामुळे निरोगी योनीला किंचित आंबट वास असतो, आणि तो असायलाच हवा. काहीही वास न येणारी योनी हा निरोगीपणाचा मापदंड नाही. त्यासाठी सुगंधी साबण, फवारे, आतून पाण्यानं धुणं हे उपाय करणाऱ्या बायकांचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ज्या जिवाणूंमुळे वास ठीक राहतो तेच त्यात धुऊन जातात. आतून धुतलं की दोन दिवस बरं वाटतं, मग वास वाढतो, मग पुन्हा धुतलं जातं. योनीच्या आत साफ करण्यासारखं काही नसतं. हा स्रावच ती सफाई आहे, तो झडलेल्या पेशी आणि जंतू घेऊन खाली येतो. बाहेरचा भाग साध्या पाण्यानं धुतला की पुरतं.

वास महिनाभर सारखाही राहत नाही. पाळीत रक्तातल्या लोहामुळे तो धातूसारखा येतो. रक्तामुळे योनीतलं आम्ल काही काळ कमी होतं, त्यामुळे पाळीच्या शेवटच्या दिवसांत वास जरा उग्र वाटतो आणि पाळी संपल्यावर दोन-चार दिवसांत पूर्ववत होतो. संबंधानंतर वीर्य मिसळतं. त्याचा सामू 7 च्या वर असतो, म्हणून काही तास वास बदलतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पातळ पाण्यासारखं काहीतरी येत राहतं. ते वीर्याचं उरलेलं पाणी असतं, नवा रोग नव्हे. दिवसभर घामेजून गेल्यावर येणारा वास तर पुष्कळदा योनीचा नसतोच. जांघेत आणि बाहेरच्या केसाळ त्वचेत काखेसारख्याच घामाच्या ग्रंथी असतात, वास तिथला असतो. अंघोळीनंतर तो गेला तर उत्तर मिळालंच.

वेगळा काढायचा तो मासळीसारखा वास. योनीतले लॅक्टोबॅसिलस कमी होऊन इतर जिवाणू वाढले की बॅक्टेरियल व्हजायनोसिस होतो. ते जिवाणू अमाईन नावाची रसायनं बनवतात. आम्लात ती दबलेली असतात, आम्ल कमी झालं की उडतात आणि वास येतो. म्हणून हा वास पाळीनंतर आणि संबंधानंतर जास्त जाणवतो. एक दिवस येऊन गेला तर थांबून पाहा. आठवडा झाला, अंघोळीनंतरही जात नाही, सोबत पातळ राखाडी स्राव आहे, तर तपासून घ्या. हा संसर्ग अस्वच्छतेमुळे होत नाही, हे इथेच सांगून ठेवते.

जिथे नेहमीचं संपतं

नुसतं पांढरं जाणं आणि त्रासासह पांढरं जाणं यात मोठा फरक आहे. पहिला प्रश्न खाजेचा आणि आग होण्याचा विचारावा. कॅन्डिडा या बुरशीच्या संसर्गात स्राव दह्याच्या गोळ्यांसारखा दाट असतो, वास फारसा नसतो, पण खाज इतकी असते की झोप लागत नाही. बाहेरची त्वचा लाल होते, सुजते, लघवी करताना झोंबते. तो पाळीच्या आधीच्या आठवड्यात उफाळतो, आणि कधी प्रतिजैविकांच्या औषधांनंतर. ट्रायकोमोनास या परजीवीच्या संसर्गात स्राव पिवळा-हिरवा, कधी फेसाळ असतो, खाज आणि वास दोन्ही असतात. तो संबंधातून पसरतो, म्हणून जोडीदारालाही औषध घ्यावं लागतं. क्लॅमिडिया आणि गोनोरिया हे संसर्ग मात्र फसवे आहेत. त्यांत स्रावात काहीच वेगळं दिसलं नाही तरी आत त्रास होत असू शकतो. नवा जोडीदार असेल किंवा जोडीदाराला काही झालं असेल, तर स्राव ठीक दिसला तरी तपासणी करून घ्यावी.

ओटीपोटात दुखणं, ताप, संबंधाच्या वेळी आत खोल दुखणं, संबंधानंतर रक्त, पाळी कायमची थांबल्यानंतर कितीही थोडं रक्त, आणि गरोदरपणात रक्त किंवा अचानक पाण्याची धार, यांपैकी काहीही असेल तर वाट पाहू नये. वापरून आत विसरून राहिलेला टॅम्पॉनही कुजकट वास आणि घाण स्राव देतो. तो काढला की बहुतेकदा सगळं बरं होतं, पण ताप असेल तर ते गंभीर समजून लगेच दाखवावं.

पांढरं गेल्यानं अंगातली शक्ती जाते, अशी एक समज फार जुनी आहे. वरचे आकडे पुन्हा पाहा. दिवसाला चमचाभरही नाही असा द्रव आणि त्यातलं बहुतेक सगळं पाणी. यातून शक्ती जात नाही. खूप थकवा असेल तर तो खरा आहे, त्याचं कारण मात्र रक्तात, थायरॉईडमध्ये, झोपेत किंवा मनावरच्या ताणात शोधायला हवं. पांढऱ्यावर औषध घेत राहिल्यानं ते कारण मागे पडतं.

काही जणींचा महिना वरच्या नोंदीत बसणारच नाही. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत स्त्रीबीज बाहेर पडत नाही, म्हणून अंड्याच्या पांढऱ्यासारखे दिवस येत नाहीत, स्राव महिनाभर जवळजवळ सारखा राहतो. गरोदरपणात संप्रेरकं खूप वाढलेली असतात, पातळ दुधट स्राव वाढतो आणि शेवटपर्यंत तसाच राहतो. अंगावर पाजणाऱ्या आईला इस्ट्रोजेन कमी असल्यानं कोरडं वाटतं. पाळी थांबल्यानंतर तेच कायमचं होतं, अस्तर पातळ होतं, सामू वाढतो. पहिली पाळी यायच्या सहा महिने ते वर्षभर आधी मुलींना पांढरं जायला लागतं, आणि त्यांना कुणी आधी सांगितलेलं नसतं. ते आजार नाही, इस्ट्रोजेन कामाला लागलं एवढाच त्याचा अर्थ. नवजात मुलीलाही पहिल्या काही दिवसांत थोडा पांढरा स्राव, कधी रक्ताचा ठिपका दिसतो. आईच्या पोटात असताना मिळालेल्या संप्रेरकांचा तो परिणाम असतो आणि आपोआप थांबतो.

डॉक्टरकडे जाताना

बुरशीचा संसर्ग आपला आपण ओळखता येतो असं पुष्कळांना वाटतं. अमेरिकेत 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दुकानातून स्वतःहून बुरशीचं औषध घेणाऱ्या बायकांना तपासलं, तेव्हा त्यांच्यातल्या जेमतेम एक तृतीयांश जणींनाच नुसता बुरशीचा संसर्ग निघाला. बाकीच्यांना दुसरं काही होतं, आणि काहींना तर काहीच नव्हतं. म्हणून नुसत्या अंदाजानं औषध घेऊ नये.

तपासणी फार मोठी नसते. डॉक्टर स्पेक्युलम या उपकरणानं योनी हलकेच उघडून गर्भाशयमुख पाहतात आणि कापसाच्या काडीनं थोडा स्राव घेतात. तो सामूच्या कागदावर लावतात. कागदाचा रंग 4.5 च्या वरचा सामू दाखवत असेल तर बॅक्टेरियल व्हजायनोसिस किंवा ट्रायकोमोनास असण्याची शक्यता वाढते. बुरशीत सामू बहुतेक वेळा नेहमीचाच राहतो. स्रावाचा एक थेंब मिठाच्या पाण्यात मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, त्यात ट्रायकोमोनास जिवंत असतील तर वळवळताना दिसतात. दुसऱ्या थेंबावर पोटॅशियम हायड्रॉक्साईड टाकतात. मासळीचा वास भपकन आला तर व्हजायनोसिसकडे बोट जातं, आणि त्याच थेंबात बुरशीचे धागे स्पष्ट दिसतात. काही वेळा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात.

तिथे ‘पांढरं जातंय’ एवढंच सांगितलं तर डॉक्टरना फारसं काही कळत नाही. शेवटची पाळी कधी सुरू झाली, आज कितवा दिवस, ताज्या स्रावाचा रंग कसा, खाज आहे का, वास मासळीसारखा आहे का, संबंधानंतर काही बदललं का आणि अलीकडे कोणती औषधं घेतली, हे सांगा. जमलं तर पाळीचे रक्ताचे दिवस टाळून जा. आदले दोन दिवस आत काही क्रीम किंवा गोळी ठेवू नका, आतून धुऊ नका, आणि आदल्या रात्री संबंध टाळा. वीर्यामुळे कागदावरचा सामू वाढलेला दिसतो, आणि औषधाच्या थरात बुरशीचे धागे लपून जातात.